चार दिवसांत जिंकलेली हेडलाइन

प्रश्न: आमचं क्लासेसच्या फीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, ऑफिस कोथरूडला. फ्री ट्रायलच्या पेजवर जुनी हेडलाइन आहे ‘कुणाची किती फी थकली, एका नजरेत’ आणि नवी ‘१४ दिवस मोफत, कार्ड नको’. चार दिवसांत जुनीला ४०० जणांत १६ साइन-अप, नवीला ४०० जणांत २७. टूल म्हणतंय, नवी सरस असण्याची शक्यता ९६ टक्के. थांबवू का टेस्ट?

थांबवू नका. अकरा माणसांचा फरक आहे हा. यातली चार माणसं योगायोगाने दुसऱ्या बाजूला गेली असती तर २० विरुद्ध २३ झालं असतं आणि तुम्ही इथे विचारायलाही आला नसता. नवी हेडलाइन शंभर जणांमागे जवळपास सहा साइन-अप जास्त देत असेल किंवा काहीच जास्त देत नसेल, तुमचे आकडे दोन्हींशी जुळतात.

खरी गडबड रोज डोकावण्यात आहे. नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी ही ठरल्या दिवशी एकदाच निकाल पाहायचा, असं धरून बांधलेली असते. दोन्ही हेडलाइन सारख्याच असल्या आणि तुम्ही मध्ये मध्ये पाच वेळा पाहून ‘जिंकली’ दिसताच थांबलात, तर खोटा विजेता मिळण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या घरात जाते. दहा वेळा पाहिलं तर १९. आम्ही एकदा मुद्दाम दोन्हीकडे एकच हेडलाइन लावली होती. सहाव्या दिवशी टूलने त्यातल्या एकीला हिरवा झेंडा दाखवला! तेव्हापासून बाणेरच्या आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी डॅशबोर्ड उघडणं बंद आहे.

म्हणून आधी माणसं किती लागतील ते ठरवा. कागदावर करता येणारा ढोबळ हिशेब असा:

```
n = 16 × p × (1 − p) / d²
```

n म्हणजे प्रत्येक बाजूला लागणारी माणसं, d म्हणजे तुम्हाला पकडायचा फरक आणि p दोन्ही बाजूंच्या दरांची सरासरी. तुमचा दर ४ टक्के. तो ६ झाला तरच दखल घ्यायची असेल तर p ०.०५, d ०.०२ आणि उत्तर १,९००. दोन्ही बाजू मिळून ३,८००. रोज २०० माणसं येतात म्हणजे १९ दिवस, पण पूर्ण तीन आठवडे चालवा, कारण क्लासवाल्यांचा रविवार आणि मंगळवार सारखा नसतो. ४ चे ५ झालेलेही पकडायचे असतील तर प्रत्येक बाजूला सात हजारांच्या जवळ माणसं लागतात, म्हणजे दहा आठवडे. एवढी वर्दळ नसेल तर बारीकसारीक शब्दबदल तपासत बसू नका, पूर्ण वेगळं काहीतरी सांगणारी हेडलाइन लावा.

मुदत संपली की साइन-अपच्या आधी प्रत्येक बाजूला किती माणसं आली ते बघा. ३,८०० मध्ये १,९०० ला साठेक इकडे-तिकडे चालतं. २,०६० विरुद्ध १,७४० दिसलं तर निकाल वाचूच नका, वाटणीतच गळती आहे. बहुतेकदा नवी हेडलाइन वेगळ्या पत्त्यावर ठेवून तिकडे रीडायरेक्ट केलेलं असतं. स्लो मोबाइलवाला मोजला जायच्या आधीच वैतागून निघून जातो, उरलेले जरा चिकाटीचे, मग नवीचा दर आपोआप फुगतो. दोन्ही हेडलाइन एकाच पत्त्यावर ठेवा आणि एकाच ब्राउझरला पुन्हा आल्यावर तीच दिसेल असं बघा.

आता तुमच्या नव्या हेडलाइनबद्दल. ‘मोफत, कार्ड नको’ने साइन-अप वाढतील असं मलाही वाटतं. पण फी थकल्याची डोकेदुखी नसलेलाही सहज आत येतो. आमचं दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आहे, त्यावर हाच प्रयोग केला. जुनीला १,९१२ जणांत ७८ साइन-अप, ‘मोफत’वालीला १,८८८ मध्ये १०९. मुदत पाळली होती, वाटणी बरोबर होती, फरक कसोटीला उतरला. मग सात दिवसांत पहिली अपॉइंटमेंट कुणी टाकली ते मोजलं: जुनीकडून ३१ जणांनी, नवीकडून ३३. म्हणजे वाढलेल्या ३१ साइन-अपमधून कामाची माणसं फार तर दोन, आणि तीही योगायोगाची असू शकतात. सपोर्टवाल्या मुलीला मात्र तेवढे फोन जास्त करावे लागले.

तुमच्याकडे पहिली फीची पावती फाडणं हे माप धरता येईल. ते आजच लिहून ठेवा, निकाल दिसल्यावर माप निवडलं की आपल्याला हवं तेच सापडतं. आणि शेवटच्या दिवशी आलेल्यालाही पूर्ण सात दिवस मिळू द्या, मगच मोजा.

आम्ही शेवटी जुनी हेडलाइन ठेवली आणि ‘कार्ड नको’ बटणाखाली बारीक अक्षरांत टाकलं. त्याची टेस्ट सध्या चालू आहे, अजून बारा दिवस आकडे बघणार नाही.