कनेक्टन्सला 'घनता' म्हणावं का?

"म्युच्युअलिझमवर, म्हणजे दोन जातींच्या परस्पर फायद्याच्या नात्यावर, निबंध लिहितेय, त्यात परागीभवनाच्या नेटवर्कचा भाग आहे. कनेक्टन्सला मराठीत 'घनता' म्हटलं तर चालेल का? आणि 'कनेक्टन्स 0.15 आहे म्हणजे 15 टक्केच सहकार्य आहे' असं वाक्य बरोबर आहे का? नेस्टेडनेसला एका ठिकाणी 'घरटेपणा' वाचलं, ते जरा विचित्र वाटलं."

'घनता' नको. कनेक्टन्स म्हणजे शक्य असलेल्या जोड्यांपैकी किती जोड्या दिसल्या त्याचा आकडा. 'घनता' म्हणाल तर पर्यावरणाच्या विषयात तो शब्द आधीच गुंतलेला आहे, एका हेक्टरात किती झाडं, किती प्राणी, यासाठी आपण तो रोज वापरतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणार की शेतात कीटक फार झालेत. 'संलग्नता' म्हटलं की कॉलेज आणि विद्यापीठ आठवतं. मी 'जोडणी-प्रमाण' लिहितो. शब्द काही फार देखणा नाही, पण 'प्रमाण' म्हटल्यावर माणूस आपोआप विचारतो की कशाशी प्रमाण, आणि या आकड्याबाबतीत नेमका तोच प्रश्न विचारायचा असतो.

तुमचा 0.15 मी एका खऱ्या उदाहरणावर लावून दाखवतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ ॲश्टन कोर्ट म्हणून जागा आहे, तिथल्या गवताळ माळावर कुठला कीटक कुठल्या फुलावर येतो याची नोंद संशोधक जेन मेमट यांनी केली आणि 1999 साली छापली. 25 जातींची फुलझाडं, 79 जातींचे कीटक. आता वहीत तक्ता आखा, उभ्या बाजूला झाडं, आडव्या बाजूला कीटक, म्हणजे 25 गुणिले 79, एकूण 1,975 खाने झाले. त्यातल्या 299 खान्यांत काहीतरी नोंद आहे, बाकी कोरे. 299 भागिले 1,975 म्हणजे 0.15, झालं जोडणी-प्रमाण. हा डेटा आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेतल्या एका पॅकेजात तयारच मिळतो, स्वतः करून बघा:

```
library(bipartite)
sum(memmott1999 > 0)
networklevel(memmott1999, index = "connectance")
```

त्यातलं ते `> 0` बघितलंत का? खान्यात 1 भेट असो की 100, इथे दोन्ही सारखंच, नुसतं 'हो'. म्हणजे हा आकडा सहकार्य किती झालं ते मोजतच नाही, मांडता येतील तेवढ्या जोड्यांपैकी किती जोड्या दिसल्या एवढंच मोजतो. शिवाय नोंद भेटीची आहे, परागीभवनाची नाही. फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पिऊन जाणारा भुंगा सुद्धा पुष्कळदा अशा तक्त्यात 'हो' म्हणूनच बसतो, झाडाला त्याचा काडीचा उपयोग झाला नसला तरी. म्हणून '15 टक्केच सहकार्य' हे वाक्य काढाच, त्यातला 'च' तर आधी काढा.

आता खरी गंमत दुसऱ्या आकड्याशी तुलना करताना येते, आणि निबंधात बहुतेक जण इथेच घसरतात. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक डोंगरावरचं क्लेमेंट्स आणि लाँग यांचं 1923 सालचं काम आहे, त्यात 96 झाडं, 275 कीटक आणि 923 जोड्या. खाने होतात 26,400, जोडणी-प्रमाण 0.035. ब्रिस्टलच्या पावपटही नाही. लगेच हात शिवशिवतात लिहायला की डोंगरावरचे संबंध विरळ आहेत, कीटक फार चोखंदळ आहेत वगैरे. पण आता खाने बाजूला ठेवून प्रत्येक झाडामागे किती कीटक ते काढा: ब्रिस्टलला सरासरी 12, पाइक्स पीकला साडेनऊच्या वर. प्रत्येक कीटकामागे किती झाडं: ब्रिस्टलला 3.8, पाइक्स पीकला 3.4. फरक किती उरला? थोडासाच.

असं का होतं तर खाली छेदात गुणाकार आहे. दोन्हीकडच्या जाती दुप्पट झाल्या की खाने चौपट होतात, पण माशीचं आयुष्य तेवढ्याच आठवड्यांचं राहतं, तिची सोंड तेवढीच लांब राहते, ती काही चौपट फुलांवर जाऊ शकत नाही. त्यामुळे तक्ता मोठा झाला की जोडणी-प्रमाण घसरतंच, हे संशोधक पेद्रो होर्दानो यांनी 1987 मध्येच दाखवलं होतं. इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिल गावाभोवती चार्ल्स रॉबर्टसन या एकाच माणसाने वर्षानुवर्षं हिंडून केलेली नोंद तर मला फार आवडते, 1929 साली छापली: 456 झाडं, 1,400 च्या वर कीटक, 15 हजारांच्या वर जोड्या. जोडणी-प्रमाण जेमतेम 0.023, तिघांत सगळ्यात कमी, आणि झाडामागे कीटक सरासरी 33, तिघांत सगळ्यात जास्त! जास्त वर्षं बघितलं म्हणून जोड्याही जास्त सापडल्या, पण खाने साडेसहा लाखांच्या घरात गेले. त्यातले कितीतरी खाने कधी भरणारच नव्हते, कारण वसंतात फुलणारं झाड आणि शरदात उडणारी माशी यांची गाठ पडणार कशी. अशा जोड्यांना इंग्रजीत 'फॉरबिडन' म्हणतात, मराठीत 'निषिद्ध' करू नका, मनाई कुणी केलेली नाही, 'अशक्य जोड्या' म्हणा.

नेस्टेडनेस. 'घरटेपणा' चूकच, इथे पक्ष्याच्या घरट्याचा संबंध नाही, एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांचा आहे. मला आधी 'उतरंड' शब्द सुचला होता, पण उतरंडीत मडकी एकावर एक असतात, एकात एक नसतात, आणि अर्थ सगळा त्या 'एकात'मध्ये आहे. ज्या झाडाकडे दोनच कीटक येतात, ते दोघे बहुधा दहा कीटकांच्या झाडाकडेही येतात, ते दहा पुढे तीसवाल्याकडे, म्हणजे छोटी यादी मोठ्या यादीत पूर्ण सामावलेली. म्हणून 'एकात-एक रचना' किंवा फारतर 'सामावलेपण'. 'समावेशकता' नको, त्याचा अर्थ सगळ्यांना बरोबर घेणं असा झालाय.

मॉड्युलॅरिटी हा शब्दही तुम्हाला लागेल, म्हणजे काही जाती आपापसात जास्त जोडलेल्या असे गट पडणं, त्याला 'गटबद्धता' बरा. 'कप्पेबंद' म्हटलं की कप्पे पक्के बंद वाटतात, तसं नसतं, मिसळणाच्या डब्यात जशी हळदीची चिमूट मोहरीच्या वाटीत सांडतेच तसे काही कीटक दोन गटांत फिरतात. 2007 साली ओलेसन आणि सहकाऱ्यांनी 51 नेटवर्क तपासली तेव्हा 150 पेक्षा जास्त जाती असलेली सगळी गटबद्ध निघाली आणि 50 पेक्षा कमी जातींच्यात एकही नाही. तुमचं उदाहरण 104 जातींचं असेल तर मधल्या पट्ट्यात आहे, तिथे गट आहेत की नाहीत ते जोडणी-प्रमाणावरून सांगू नका, वेगळं मोजा. आणि एकात-एक रचना व गटबद्धता या दोन्ही गोष्टी एकाच नेटवर्कमध्ये असू शकतात, एक निवडायची असं नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: "ॲश्टन कोर्टच्या माळावर 25 झाडं आणि 79 कीटक यांच्यातल्या 1,975 संभाव्य जोड्यांपैकी 299 जोड्या भेटींतून दिसल्या, जोडणी-प्रमाण 0.15." जातींचे दोन्ही आकडे त्याच वाक्यात ठेवा, आणि 'दिसल्या' हा शब्द काढून 'आहेत' करू नका, कारण आणखी महिनाभर माळावर बसलं असतं तर कोऱ्या खान्यांतले काही भरलेही असते.