जुन्या सीएनसीचे साडेचार लाख विक्रीत धरायचे का?

प्रश्न: शिरोलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. 2018 साली घेतलेलं सीएनसी लेथ मशीन साडेचार लाखांना जातंय. ही रक्कम यंदाच्या विक्रीत दाखवली तर नफा वाढेल आणि नव्या मशीनचं कर्ज लवकर होईल, असं भाऊ म्हणतो. त्यातले दोन लाख घराच्या रंगकामाला काढले तर चालेल का?

उत्तर: विक्रीत धरू नका, आणि रंगकामालाही काढू नका. कारणं सांगतो.

तुमचा धंदा जॉबवर्कचा. पार्टीचे शाफ्ट फिरवून दिले, त्याची मजुरी आली, ती महसुली प्राप्ती. मशीनखाली साठलेला बुरादा भंगारवाल्याला विकला, तेही महसुलीच, कारण बुरादा रोजच्या कामातून निघतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा निघणार. मशीन मात्र कमाईचं साधन आहे. ते एकदा गेलं की गेलं, म्हणून त्याचे पैसे भांडवली प्राप्ती. तुमच्याकडून ते घेणारा जर जुन्या मशीनचा व्यापारी असेल, तर तोच लेथ त्याच्यासाठी माल होतो आणि त्याने पुढे विकल्यावर आलेली रक्कम त्याची रीतसर विक्री ठरते. म्हणजे वस्तू कोणती यापेक्षा ती तुमच्या धंद्यात कशासाठी होती, हे पाहायचं.

आता कर. यंत्रांचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी उत्पन्नातून मिळणारी वजावट, एकेका मशीनवर निघत नाही, सारख्या दराच्या सगळ्या यंत्रांच्या गटावर निघतो. तुमचा ताळेबंद मी पाहिलेला नाही, म्हणून आकडे धरून चालतो. 1 एप्रिलला लेथ, कॉम्प्रेसर, ड्रिल, ग्राइंडर मिळून गटाची शिल्लक 5,80,000 आहे समजा. 15 टक्क्यांनी वर्षाचा घसारा 87,000 झाला असता. लेथचे 4,50,000 या शिल्लकीतून वजा होतात, उरतात 1,30,000, आणि घसारा येतो फक्त 19,500. त्या साडेचार लाखांवर यंदा थेट कर नाही, पण 67,500 चा घसारा हातून गेला, तेवढं धंद्याचं उत्पन्न वाढलं. लेथ 7 लाखांना गेला असता तर शिल्लकीच्या वरचे 1,20,000 अल्पकालीन भांडवली नफा ठरले असते, मशीन कितीही वर्षं वापरलेलं असो.

तुमच्या वहीत लेथची किंमत 3,20,000 असेल तर नफा-तोटा पत्रकात 1,30,000 'मालमत्ता विक्रीवरील नफा' म्हणून येईल. तो वेगळ्या ओळीत दाखवा. प्राप्तिकराचा हिशेब करताना तो धंद्याच्या नफ्यातून वजा करायचा असतो, कारण त्याचा हिशेब गटात आधीच झालेला आहे. रक्कम विक्रीत मिसळली की हे वजा करणं राहून जातं आणि अख्ख्या साडेचार लाखांवर कर भरला जातो. छोट्या वर्कशॉपच्या हिशेबात ही चूक मी वारंवार पाहतो.

बँकेचं म्हणाल, तर कर्ज देताना अधिकारी पाहतात की दरवर्षी हप्ता कुठून निघेल. ते तीन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवतात. यंदा विक्री साडेचार लाखांनी फुगली आणि पुढच्या वर्षी तेवढीच खाली आली, तर धंदा घसरतोय असं दिसतं. जीएसटी विवरणात मशीनचं बिल येणारच, त्यामुळे तिथली उलाढाल वहीतल्या विक्रीपेक्षा जास्त दिसेल. त्या फरकाचा एक कागद आधीच करून फाइलला लावा.

रंगकामाला मी नाही म्हणतो ते याच कारणाने. हा पैसा वर्षाची कमाई नाही, तुमच्या साधनाची उरलेली किंमत आहे. नवं मशीन 16 लाखांचं असेल तर हेच पैसे मार्जिन म्हणून भरा, कर्ज तेवढं कमी घ्यावं लागेल. 31 मार्चच्या आत मशीन चालू झालं तर ते त्याच गटात जाईल. मात्र वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्यावर घसारा निम्म्या दराने, म्हणजे 1,20,000. जमत असेल तर सप्टेंबरअखेर मशीन चालू करा, पूर्ण 2,40,000 मिळतील. घराचा रंग मजुरीतून वाचेल त्यातून लावा, वर्षभर थांबावं लागलं तरी.

सौदा पक्का करण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. साडेचार लाख जीएसटी धरून की वगळून? 2018 ला खरेदीवरचा कर परत घेतला असेल, तर विक्रीच्या बिलावर 18 टक्के लावावे लागतील. किंमत कर धरून असेल तर तुमच्या हाती 3,81,356 च राहतात. वरचे सगळे आकडे मग त्या रकमेवर करायचे.