विरघळतोय का खडा? आधी तो कुठला आहे ते बघा

प्रश्न: आमचा पिकू, पर्शियन बोका, पाच वर्षांचा, नसबंदी झालेली. दोन आठवड्यांपूर्वी लघवीत रक्त दिसलं. एक्सरेत मूत्राशयात एक खडा आहे आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये 'ट्रिपल फॉस्फेट क्रिस्टल्स 2+' असं आलंय. डॉक्टरांनी युरिनरी ड्राय फूड दिलंय, म्हणाले विरघळेल. पण हा पाणी पितच नाही. किती दिवस वाट बघायची? कोणाला अनुभव आहे का?

उत्तर:

तुमची पोस्ट वाचली आणि आमचा गुंड्या डोळ्यांसमोर आला. तोही पर्शियन, तोही नसबंदी झालेला, आणि रिपोर्टमधले शब्दही जवळजवळ हेच. फक्त तो तेव्हा आठ वर्षांचा होता. मी व्हेट नाही. पिकूला मी पाहिलेलं नाही आणि तुमचे डॉक्टर बरोबर असण्याची शक्यता पुष्कळ आहे. पण ज्या एका गोष्टीने आमचे तीन महिने खाल्ले ती तुमच्या पोस्टमध्ये कुठेच दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. पिकू ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर करतोय आणि बाहेर काहीच येत नाहीये, किंवा जेमतेम थेंब येतोय, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, तसेच निघा. बोक्याचा मूत्रमार्ग अगदी अरुंद असतो. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि दीड-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बरेच जण याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात.

आता रिपोर्टकडे. लघवीत क्रिस्टल्स दिसणं आणि मूत्राशयात खडा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रिपल फॉस्फेट, म्हणजेच स्ट्रुव्हाइट, हे स्फटिक ठणठणीत मांजरांच्या लघवीतही सापडतात. उलट खडा कॅल्शियम ऑक्सलेटचा, म्हणजे मांजरांत नेहमी दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा, असूनही त्या दिवशीच्या लघवीत ऑक्सलेटचा एकही स्फटिक नसू शकतो. रिपोर्टमधल्या स्फटिकांवरून खड्याची जात ठरवणं म्हणजे अंगणातली चप्पल बघून घरात कोण बसलंय ते सांगणं.

आणि आमच्या बाबतीत तर ती चप्पलही खरी नव्हती. गुंड्याचा नमुना शनिवारी संध्याकाळी घेतला. तो क्लिनिकच्या फ्रिजमध्ये राहिला, रविवार गेला, आणि सोमवारी दुपारी लॅबचा मुलगा येऊन घेऊन गेला. जवळपास चाळीस तास! थंड झालेल्या लघवीत स्फटिक बाटलीतच तयार होतात, आणि नमुना जितका पडून राहील तितके जास्त. त्यात जंतू वाढले तर पीएचही वर सरकतो. रिपोर्ट आला: पीएच 7.5, ट्रिपल फॉस्फेट 3+. पुस्तकात शोभेल असं स्ट्रुव्हाइट! कोणीही, मीसुद्धा, विचारलं नाही की नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता तपासला. लघवी घेतल्यापासून अर्ध्या-एक तासात, फ्रिजमध्ये न ठेवता बघायला हवी. क्लिनिकमध्ये सूक्ष्मदर्शक असेल तर तिथेच बघायला सांगा. मी नंतर त्या लॅबला फोन केला तर तिकडून उत्तर, "मॅडम, आमच्याकडे आलं तेव्हा आम्ही लगेच बघितलं." बरोबरच आहे म्हणा. आमच्याकडे आलं तेव्हा. असो.

त्या रिपोर्टवर गुंड्याला खडा विरघळवणारं खाणं सुरू झालं. स्ट्रुव्हाइटवर हा उपाय खरोखर चालतो, गोडवे गावेत इतका. त्या खाण्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून कमी ठेवलेले असतात, लघवी थोडी आंबट होते, आणि मांजर जास्त पाणी प्यावं म्हणून मीठही बहुधा थोडं जास्त असतं. मांजरांचे स्ट्रुव्हाइट खडे बहुतेक वेळा जंतूंशिवाय झालेले असतात, त्यामुळे नुसत्या खाण्याने दोन ते चार आठवड्यांत एक्सरेत ठळक फरक दिसायला हवा. कॅल्शियम ऑक्सलेट मात्र कोणत्याही खाण्याने विरघळत नाही. तो काढावाच लागतो.

आमचा खडा पहिल्या एक्सरेत सात मिलिमीटरचा होता. चार आठवड्यांनी सात. "अजून थोडं थांबू." सहा आठवड्यांनी सात. मग डॉक्टरांनी लघवी आणखी आंबट करायचं एक सिरप जोडलं. माझ्या मते सगळ्यात वाईट निर्णय तो. ते खाणं आधीच लघवी आंबट करतं, आणि लघवी फार आंबट झाली की तिच्यातून कॅल्शियम जास्त जातं. म्हणजे ऑक्सलेट खड्याला आम्ही घरबसल्या कच्चा माल पुरवत होतो. 1980 च्या दशकात कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं, ते जास्त आंबट बनवलं, आणि नंतरच्या काळात स्ट्रुव्हाइट कमी होऊन ऑक्सलेटचे खडे वाढले. हे मला फार उशिरा कळलं. आजची बरीचशी युरिनरी खाणी दोन्ही खडे डोळ्यांसमोर ठेवून बनवतात, त्यामुळे नुसत्या खाण्याची भीती बाळगू नका. पण त्यावर आपल्या मनाने किंवा कोणाच्या सांगण्यावरून क्रॅनबेरी, व्हिनेगर, सिरप असलं काही चढवू नका.

तिसऱ्या महिन्यात गुंड्या तुंबला. खड्याचा बारीक तुकडा मूत्रमार्गात अडकला होता. कॅथेटर, सलाईन, तीन दिवस दवाखाना. दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळून मला दोनच प्रश्न विचारले. नमुना ताजा होता का? आणि चार आठवड्यांनी खडा जसाच्या तसा असताना पुढे का गेलात? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑपरेशन झालं, आणि खडा त्यांनी कचऱ्यात न टाकता छोट्या डबीत घालून मला दिला. माणसांच्या मुतखड्यांची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये तो दिला तेव्हा रिपोर्ट आला, कॅल्शियम ऑक्सलेट मोनोहायड्रेट. ऑपरेशनची वेळ आलीच तर खडा मागून घ्या आणि तपासा. पुढचं सगळं पथ्य त्यावर ठरतं. टाके घालून झाल्यावर लगेच एक एक्सरे काढायलाही सांगा, कारण मागे राहिलेले बारीक खडे पुन्हा 'नवा खडा' म्हणून पाहुणे येतात.

म्हणून तुमच्या 'किती दिवस' ला माझं उत्तर, चार आठवडे. पण त्या चार आठवड्यांत तोंडात दुसरं काहीही जायला नको. नेहमीचं ड्राय फूड मूठभर मिसळलं, आजीने मासळीचा तुकडा टाकला, दुपारी ट्रीट दिली, की खाण्याचं गणित मोडतं, आणि मग खडा विरघळला नाही तर तो ऑक्सलेट आहे म्हणून की पथ्य मोडलं म्हणून हे कळायला मार्ग उरत नाही. सुका जवळा आणि बोंबील तर नकोच, मीठ आणि खनिजं दोन्ही भरपूर. दूध म्हणजे पाणी नव्हे, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचतही नाही. चार आठवड्यांनी तोच अँगल, शक्यतो तेच मशीन, आणि खडा मापून बघा. काहीच फरक नसेल तर 'अजून थोडं' म्हणू देऊ नका.

वयाचा पिकूला फायदा आहे. पाचव्या वर्षी स्ट्रुव्हाइटची शक्यता बरी असते, ऑक्सलेट जरा वयस्कर मांजरांमध्ये जास्त दिसतो. पण पर्शियन ही ऑक्सलेटकडे झुकणारी जात. दोन्ही पारडी तुम्हीच बघा. शंका राहिली तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. ते वाढलेलं निघालं तर गोष्टच वेगळी.

आता पाणी. खडा कुठलाही असो, लघवी पातळ झाली की फायदाच. गुंड्या 4.6 किलोचा. खाणं-पिणं धरून किलोमागे दिवसाला साधारण 50 मिली पाणी पोटात जावं, म्हणजे त्याला 230 मिली. मी आठवडाभर मापलं. वाटीत मोजून पाणी ठेवायचं, शेजारी मांजर पोचणार नाही अशी तशीच दुसरी वाटी, म्हणजे हवेत किती उडालं ते वजा करता येतं. तो वाटीतून 90 मिलीच्या आसपास पीत होता आणि 60 ग्रॅम ड्राय फूडमधून जेमतेम 5 मिली मिळत होतं. निम्म्याहूनही कमी.

फाउंटन आणला. तो त्याच्यात पंजा बुडवून फरशी ओली करायचा, प्यायचा नाही. फरक पडला तो वेट फूडने. 85 ग्रॅमचे दोन युरिनरी पाऊच, त्यात ऐंशी टक्के पाणी, म्हणजे 136 मिली झालं. प्रत्येक पाऊचमध्ये 30 मिली कोमट पाणी कालवलं की आणखी 60. वर 25 ग्रॅम ड्राय फूड आणि वाटीतलं चाळीसेक मिली. झाले की 230! पाणी एकदम ओतू नका, वास घेऊन निघून जातील. पहिल्या दिवशी एक चमचा, दर दोन दिवसांनी एकेक वाढवा. तुमच्याकडे ड्राय फूडच असेल तर त्याच कंपनीचं तेच युरिनरी खाणं पाऊचमध्ये मिळतं का ते डॉक्टरांना विचारा. चिकन उकडलेलं पाणी चालेल का, तर विरघळवायच्या काळात डॉक्टरांना विचारूनच, आणि एरवीही मीठ, कांदा, लसूण यांतलं काहीही न घालता. कांदा-लसूण मांजरांना विषारी आहे.

पाणी पुरतंय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. क्लिनिकमध्ये लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे ती किती दाट आहे ते, दोन मिनिटांत बघता येते. गुंड्याची नुसत्या ड्राय फूडवर 1.052 होती, पाऊच सुरू केल्यावर 1.027 झाली. 1.030 च्या खाली राहिली तर छान. घरी खूण म्हणजे ट्रेमधल्या लिटरचे गोळे मोठे आणि जास्त होतात. मांजराला किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र युरिनरी खाण्यातल्या मिठाबद्दल आधी विचारा.

आणखी एक, कारण कोणीतरी खाली सुचवणारच. मुतखड्यावर पानफुटीचं पान माणसं खातात, ते बोक्याला अजिबात देऊ नका. त्यात मांजराच्या हृदयाला घातक द्रव्यं असतात. कुंडी गॅलरीत असली तर ती उचला. माणसांच्या मुतखड्याच्या गोळ्याही नकोत, आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही. एका गोळीनेही मांजर जाऊ शकतं.

गुंड्याच्या ऑपरेशनला आता चार वर्षं झाली. ऑक्सलेट पुन्हा होतो म्हणतात, म्हणून दर चार महिन्यांनी सोनोग्राफी करते. मागच्या वेळी तळाशी थोडी रेती दिसली, खडा नाही.

तुम्ही पुढचं लिहा: पिकूचा नमुना कधी घेतला आणि कधी तपासला, पीएच किती होता, आणि पहिल्या एक्सरेत खडा किती मिलिमीटरचा होता. खडा गुळगुळीत दिसतो की काटेरी हेही डॉक्टरांना विचारून सांगा.