वाचनकक्षाचा प्रकाश: छताचे दिवे काढा, आकाश नीट करा

प्रश्न: ब्लेंडरमध्ये (सायकल्स) ठाण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षाचा रेंडर करतोय. लांब टेबलं, उंच खिडक्या, मऊ शांत उजेड असं हवंय. छताला एरिया लाइट लावले की सगळं सपाट दिसतं, काढले की अंधार आणि दाणे. नेमकं काय करू?

उत्तर:

एरिया लाइट काढून टाका आणि परत लावू नका. मऊ उजेड म्हणजे चहूबाजूंनी सारखा उजेड, अशी समजूत असते आणि सपाटपणा तिथूनच येतो. ढगाळ दिवशी खिडकीतून येणाऱ्या उजेडाला सावलीची धारदार कड नसते, पण दिशा असतेच. पुस्तकाची खिडकीकडची बाजू उजळ आणि पलीकडची काळसर दिसते, खुर्चीच्या पायाशी आतल्या बाजूला पसरट सावली पडते. छतातून दिवे सोडले की ही दिशा पुसली जाते.

आधी दिवस ठरवा. मी असल्या कामाला जुलैमधली ढगाळ दुपार घेतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही हे युरोपातल्या पुस्तकांमधलं वाक्य आपल्याकडे अर्धंच खरं आहे. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि जूनमध्ये तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो. त्यामुळे त्या दिवसांत सकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन टेबलावर येऊ शकतं. ढगाळ दिवस धरला की सूर्य बसवायचाच नाही, आणि धुक्यातून उतरणारे किरणही नाहीत. ते किरण थेट उन्हाचे असतात. शांत वाचनकक्षात ते मला नेहमी देवळातल्या कॅलेंडरसारखे वाटतात.

आता आकाश. बरेच जण `World` मध्ये एकच करडा रंग देतात. पण पूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखं उजळ नसतं. प्रकाश मोजणाऱ्यांनी मानलेल्या प्रमाणित ढगाळ आकाशात डोक्यावरचा भाग क्षितिजाच्या तिप्पट उजळ धरतात. तुमच्या खिडक्या उंच असल्यामुळे हा फरक मोठा ठरतो, कारण टेबलावर बसलेल्याला त्या खिडकीतून आकाशाचा वरचा, उजळ भाग दिसतो. `World` च्या नोड्समध्ये `Texture Coordinate` चं `Generated`, पुढे `Separate XYZ`, त्यातला Z घेऊन हे गणित `Background` च्या `Strength` ला जोडा:

```
Strength = (1 + 2 * max(Z, 0)) / 3
```

रंग जवळजवळ करडाच ठेवा, निळसर झाक अगदी कणभर. बाहेर जमीन म्हणून एक मोठा मातकट प्लेन टाका, नाहीतर क्षितिजाखालूनही आकाशच उजेड देत राहील आणि छत खालून उगाच उजळेल.

आकडे डोळ्यासमोर यावेत म्हणून ऐरोलीच्या एका प्रस्तावित वाचनालयासाठी केलेला हॉल सांगतो. लांबी २० मीटर, रुंदी ९, उंची ६. उत्तरेच्या भिंतीला २.१ मीटर उंच कपाटं, त्यांच्या वर २.६ मीटरपासून ५.२ मीटरपर्यंत खिडक्या. टेबलं ३.६ मीटर लांब, १.२ रुंद, ७५ सेंटिमीटर उंच, एका बाजूला चार जण. कपाटांच्या वरून खिडकी सुरू करायची ही युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या सेंट जेनेव्हिएव्ह वाचनालयात वास्तुकार लाब्रुस्तने १८५१ साली तेच केलं होतं. पुस्तकांना भिंत मिळते आणि उजेड खोलवर जातो. एका बाजूने येणारा उजेड टेबलाच्या पातळीपासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत जितकी उंची असेल, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत उपयोगी पडतो, असा ठोकताळा आहे. इथे ती उंची सुमारे साडेचार मीटर, म्हणजे नऊ मीटर रुंदीच्या हॉलला एकाच बाजूच्या खिडक्या जेमतेम पुरतात.

यातून एक गोष्ट निघते जी रेंडरमध्ये बहुतेक चुकते. खिडकी इतकी उंच असल्यावर तिच्या अगदी खाली, कपाटांच्या पायथ्याशी, उजेड कमी असतो. सर्वांत उजळ पट्टा भिंतीपासून दोन-तीन मीटर आत असतो आणि तिथून पलीकडच्या भिंतीपर्यंत तो हळूहळू उतरत जातो. तुमच्या चित्रात कपाटाजवळची फरशी सर्वांत चकचकीत उजळ असेल, तर कुठेतरी जादा दिवा राहिला आहे.

आणि छज्जा विसरू नका. आपल्याकडच्या पावसात छज्जा नसलेली खिडकी कोणी ठेवत नाही, पण रेंडरमध्ये मात्र तो हमखास गायब असतो. ४५ ते ६० सेंटिमीटरचा छज्जा आकाशाचा नेमका वरचा, उजळ भाग कापतो. त्याने हॉल थोडा काळवंडतो, पण खिडकीच्या वरच्या कडेला एक चढउतार येतो आणि इमारत इथली वाटते. भिंतीची जाडीही दाखवा. नऊ इंची भिंतीच्या आतल्या कडेवर उजेड जसा विरत जातो, त्यावरून उजेड बाहेरून आत येतोय हे डोळ्याला पटतं. कागदासारखी पातळ भिंत केली की खिडकी भिंतीवर चिकटवलेल्या चौकोनासारखी दिसते.

आता अंधाराचं. तो खरोखर अंधार नाही, एक्स्पोजरचा प्रश्न आहे. ढगाळ दिवशी बाहेर मोकळ्यावर साधारण १०,००० लक्स धरा आणि आत टेबलावर वाचायला हवेत तसे ३००. त्या ३०० लक्समध्ये पांढऱ्या पानाची उजळी काढली तर खिडकीतून दिसणारं आकाश त्याच्या सुमारे तीस पट भरतं. कॅमेऱ्याच्या भाषेत हे जवळपास पाच स्टॉप झाले. वरच्या सूत्रात डोक्यावरचं आकाश १ आहे, तर पान ०.०२ च्या आसपास येणार. म्हणून दिवे न वाढवता `Color Management` मध्ये `Exposure` ४.५ ते ५ करा. पान ०.६ च्या आसपास येईल आणि खिडकी खूप वर जाईल. `View Transform` मध्ये `AgX` ठेवा. ते मधल्या करड्याच्या वर साडेसहा स्टॉपपर्यंतचा उजेड सावकाश पांढऱ्याकडे नेतं, त्यामुळे खिडकी पांढरट होते पण तिची कड फाटत नाही. `Standard` ठेवलंत तर तिथे नुसतं भोक दिसेल.

ग्राहक म्हणेल, खिडकीत निळं आकाश आणि झाड दिसू द्या. छज्जाखालून पुसटशी फांदी चालेल. पण पान आणि आकाश दोन्ही नीट एक्स्पोज झालेले दिसले की डोळा लगेच म्हणतो, हे जोडकाम आहे.

दाण्यांमागे तीन कारणं असतात आणि पहिलं सहसा काच असतं. खिडकीला `Principled` ची पूर्ण पारदर्शक काच लावली की सायकल्सचे सावली तपासणारे किरण तिच्यावर अडतात, आणि आत येणारा उजेड नशिबावर सोडल्यासारखा होतो. काच काढून टाका, किंवा `Light Path` च्या `Is Shadow Ray` ने ती त्या किरणांपुरती `Transparent BSDF` करा. दुसरं, प्रत्येक खिडकीच्या मापाचा एक एरिया लाइट खिडकीत बसवून `Portal` वर टिक करा. तो स्वतः उजेड देत नाही, आकाश कुठून येतं एवढंच सायकल्सला सांगतो. त्याचं तोंड आत हवं. उलटं राहिलं तर काहीच फरक पडत नाही आणि माणूस तासभर दुसरीकडेच शोधत बसतो. तिसरं कारण फारसं कोणी सांगत नाही: `Noise Threshold` एक्स्पोजर वाढवण्याआधीच्या चित्रावर ठरतो. आपलं आतलं चित्र तेव्हा अगदी काळं असल्याने सायकल्सला वाटतं काम झालं, आणि मग आपण पाच स्टॉप वाढवून ते दाणे वर काढतो. ०.०१ चा ०.००२ करा. वेळ वाढेल, पण फरक पहिल्याच चाचणीत दिसेल.

`Light Paths` मध्ये `Diffuse` चे ठरावीक ४ उसळे अशा हॉलला कमी पडतात, कारण पलीकडच्या टेबलाखाली पोचणारा उजेड भिंत, छत, फरशी असा फिरत येतो. ८ ते १० करा. मात्र त्याआधी भिंतीचा रंग तपासा. `FFFFFF` म्हणजे शंभर टक्के परतवणारी भिंत. असा चुना जगात कुठे मिळत नाही, आणि उसळे वाढवले की हीच भिंत कोपऱ्यांतल्या सावल्या खाऊन टाकते. स्वच्छ पांढरी भिंत साधारण ऐंशी टक्के परतवते, ती `E7E7E7` च्या आसपास येते. जुन्या वाचनालयाची असेल तर आणखी खाली उतरा. फरशीला कोटा धरलात तर पंचवीस-तीस टक्के, आणि सागवानी टेबलही त्याच घरातलं. टेबलाचा `Roughness` ०.३५ ते ०.४५ ठेवा, म्हणजे खिडक्यांचं लांबट, फिकं प्रतिबिंब पृष्ठभागावर उतरतं. लांब टेबलं लांब दिसतात ती मुख्यतः याच पट्ट्यांमुळे. आरशासारखी चमक दिलीत तर ती बँक्वेट हॉलची टेबलं होतील.

हे सगळं लावल्यावर मधल्या टेबलावर दहा सेंटिमीटर त्रिज्येचा करडा गोळा ठेवून छोटा रेंडर काढा. खिडकीकडून पलीकडे तो सावकाश काळवंडत गेला पाहिजे आणि खाली आतल्या बाजूला मऊ सावली हवी. नुसता माथा उजळ आणि सगळ्या बाजू सारख्या असतील तर उजेड अजून वरूनच येतोय. गोळा बरोबर दिसला की बाकी हॉल बहुतेक बरोबर असतो.

ट्यूबलाइट लावायच्या का? खऱ्या अभ्यासिकांमध्ये त्या भर दुपारीही चालू असतात, हे मान्य. पण चालू दाखवल्या की परत वरचा उजेड आला. मी त्या मॉडेलमध्ये ठेवतो आणि बंद ठेवतो. ग्राहकाने आग्रह धरलाच तर फक्त दूरच्या भिंतीजवळची ओळ लावा, आणि तिचा उजेड तिथल्या खिडकीच्या उजेडाच्या निम्म्याहून कमी ठेवा. पंखे हवेतच. सहा मीटरच्या छताला ते लांब दांड्यांवर, फरशीपासून तीन मीटरच्या आसपास लटकतात. छताला चिकटवलेले पंखे बघून इथला कुठलाही वाचक हसेल.

शेवटी डीनॉइज करताना `Passes` मध्ये `Albedo and Normal` निवडा, नाहीतर कपाटातल्या पुस्तकांचे कणे आणि सागाचे रेषे एकमेकांत विरघळतात. तरीही दूरची कपाटं मेणासारखी दिसत असतील तर डीनॉइजरवर चिडू नका, नमुने दुप्पट करा.