पावणेसहा तासांचं लेक्चर आणि सात मिनिटांची शंका

"मॅडम, गेटची तयारी करतोय. यूट्यूबवरची लेक्चर पाच-सहा तासांची असतात. एखादी शंका आली की ती कुठं सांगितलीय ते सापडत नाही, मग परत पहिल्यापासून बघत बसतो. मधलं सोडलं तर काहीतरी सुटेल अशी भीती वाटते. रात्रीचे दोन वाजतात आणि शंका तशीच राहते. काय करू?"

हा मुलगा तासगावहून रोज एसटीनं सांगलीला येतो, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी त्याला पहिल्यांदा एवढंच विचारलं, की काल रात्री शंका नेमकी कोणती होती? एका वाक्यात लिही. त्यानं लिहिलं, "थर्मोडायनॅमिक्स." मी म्हटलं, हा विषय झाला, शंका लिही. दोन-तीनदा खोडून शेवटी कागदावर आलं: "क्लॉसियस इनइक्वॅलिटीमध्ये कमी किंवा बरोबर असं चिन्ह का येतं?" असा प्रश्न कागदावर आल्याशिवाय व्हिडिओ उघडूच नये, कारण शोधायला शब्द त्या प्रश्नातूनच मिळतात.

आम्ही ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर ते लेक्चर लावलं. पाच तास त्रेचाळीस मिनिटांचं, हिंदीतून शिकवलेलं, अधूनमधून इंग्रजी शब्द. खालच्या रेषेवर चॅप्टरचे तुकडे दिसत होते. हे तुकडे शिक्षकांनी वर्णनात लिहिलेल्या वेळांवरून पडतात: पहिली वेळ ०:०० लागते, अशा वेळा किमान तीन आणि चढत्या क्रमानं लागतात आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा लागतो. काही व्हिडिओंना यूट्यूब स्वतःच चॅप्टर पाडतं, त्यांची नावं बऱ्याचदा मोघम असतात. या लेक्चरचे चॅप्टर शिक्षकांनीच दिलेले होते: दुसरा नियम २:०५:१० ला आणि एंट्रॉपी ३:०२:०० ला. क्लॉसियस इनइक्वॅलिटी असं वेगळं नाव कुठंच नव्हतं. "बघा मॅडम, म्हणूनच पहिल्यापासून बघतो," तो म्हणाला.

चॅप्टर फक्त मोहल्ला दाखवतो, घर नाही. घरासाठी ट्रान्सक्रिप्ट लागते. वर्णनावर क्लिक करून ते पूर्ण उघडलं की तळाशी `Show transcript` असं बटण असतं. ते दाबल्यावर बोललेलं सगळं छोट्या ओळींत येतं, प्रत्येक ओळीपुढे वेळ असते आणि ओळीवर क्लिक केलं की व्हिडिओ तिथं जातो. मग `Ctrl+F` दाबून शब्द शोधायचा. पुष्कळ मुलं ट्रान्सक्रिप्ट न उघडताच `Ctrl+F` दाबतात, तेव्हा शोध शीर्षक, कमेंट अशा पानावरच्या इतर मजकुरातच होतो आणि बोललेल्यातलं काहीच मिळत नाही.

त्यानं `Clausius` टाइप केलं. `0/0`. मग क्लॉसियस टाइप केलं. पुन्हा `0/0`. त्याचा चेहरा पडला. इथंच बहुतेक जण सोडून देतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

त्या ओळी माणसानं लिहिलेल्या नव्हत्या. पॅनेलच्या खाली भाषेच्या नावापुढे आपोआप तयार झाल्याची नोंद होती. मशीन बोलणं ऐकून अंदाजानं लिहितं, आणि हिंदी बोलणं असलं की इंग्रजी शब्दही बहुतेक देवनागरीत लिहितं. त्यामुळे रोमन लिपीत शोधून हाती काही लागेलच असं नाही. देवनागरीत शोधलं तरी आपण लिहू तीच अक्षरं मशीननं लिहिली असतील याचा भरवसा नाही, आणि `Ctrl+F` ला एक मात्रा चुकलेलीही चालत नाही.

म्हणून मशीननं ते नाव कसं ऐकलंय हेच आधी शोधायचं. मी त्याला विचारलं, हे नाव लेक्चरमध्ये हमखास उच्चारलं जाईल अशी एखादी जागा सांग. तो लगेच म्हणाला, दुसऱ्या नियमाची दोन विधानं असतात, एक केल्विन-प्लांकचं आणि दुसरं क्लॉसियसचं. म्हणजे २:०५:१० च्या चॅप्टरमध्ये ते आलंच पाहिजे. त्या चॅप्टरच्या ओळी आम्ही डोळ्यांनी वाचत गेलो, आणि केल्विनच्या थोडं खाली सापडलं: "क्लासियस". डोक्यावरचा अर्धचंद्र नाही, एवढाच फरक. तोच शब्द उचलून शोधात टाकला, आणि व्हिडिओभर जागा उजळल्या.

आधी त्यानं फक्त "सियस" शोधून पाहिलं होतं, शब्दाची शेपटी तरी जुळेल म्हणून. पण थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरमध्ये दर दोन गणितांत सेल्सियस येतं, आणि तेही त्याच शेपटीचं. तुकडा शोधणं चांगलं, फक्त तो तुकडा त्या विषयातल्या दुसऱ्या नेहमीच्या शब्दात बसत नाही ना, ते पाहायचं. तसंच दोन-तीन शब्दांचं वाक्य शोधू नये. ट्रान्सक्रिप्टच्या ओळी मध्येच तुटतात, "क्लासियस" एका ओळीच्या शेवटी आणि "इनइक्वालिटी" पुढच्या ओळीत गेलं तर शोधाला ते दिसेलच असं नाही. एका वेळी एकच शब्द.

आता जागा मिळाल्या, पण त्यातली खरी कोणती? शब्द उच्चारला जाणं वेगळं आणि तो समजावला जाणं वेगळं. सुरुवातीच्या तीन मिनिटांत एकदा नाव होतं, ते "आज काय काय शिकणार" च्या यादीत. शेवटच्या दहा मिनिटांत दोनदा होतं, ती उजळणी. या एकट्या-दुकट्या जागा सोडायच्या आणि जिथं शब्द दाटीनं येतो ती जागा बघायची. दाटी दोन ठिकाणी होती: २:११ ते २:१९, आणि ३:०४ ते ३:०९. पहिली दाटी क्लॉसियसच्या विधानाची, म्हणजे थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे उष्णता आपोआप जात नाही, ते. एकाच माणसाच्या नावाच्या दोन गोष्टी एका लेक्चरमध्ये असल्या की असा घोटाळा होतोच. ओळी वाचल्या तर पहिल्या दाटीत शेजारी फ्रीज आणि हीट पंप येत होते, दुसरीत एंट्रॉपी. शेजारच्या शब्दांवरून उलगडा झाला, व्हिडिओ चालवायचीसुद्धा गरज पडली नाही.

३:०४:२० वर क्लिक केलं. शिक्षक म्हणत होते, की यालाच क्लॉसियस इनइक्वॅलिटी म्हणतात. "यालाच" म्हणजे कशाला? फळ्यावर सगळी मांडणी आधीच झालेली होती. शिकवताना बरेचदा नाव शेवटी सांगतात आणि त्यामागचं कारण आधी येतं. म्हणून सापडलेल्या जागेपासून ओळी उलट्या, वरच्या दिशेनं वाचत जायचं, विषय बदलल्याची खूण मिळेपर्यंत. आम्ही वर सरकत गेलो आणि २:५८:५० ला वाक्य मिळालं, की आता दोन इंजिन घेऊ, एक रिव्हर्सिबल आणि एक खरं. ही जागा दुसऱ्या नियमाच्या चॅप्टरच्या शेपटाला आहे. एंट्रॉपीचा चॅप्टर त्यानंतर तीन मिनिटांनी सुरू होतो. म्हणजे नुसत्या चॅप्टरवर विसंबून एंट्रॉपीपासून बघितलं असतं तर चिन्हाचं कारण निसटलंच असतं. त्याची भीती खोटी नव्हती. फक्त तिच्यावरचा उपाय पहिल्यापासून बघणं हा नव्हता, उलट वाचत जाणं हा होता.

२:५८:५० पासून त्यानं साधारण सात मिनिटं ऐकलं, व्हिडिओ थांबवला आणि मला समजावून सांगितलं. ६०० केल्विनच्या स्रोताकडून इंजिननं १२०० किलोज्यूल उष्णता घेतली आणि ३०० केल्विनला सोडली. रिव्हर्सिबल इंजिन ६०० सोडेल. १२०० भागिले ६०० म्हणजे २, ६०० भागिले ३०० म्हणजेही २, वजाबाकी शून्य. खरं इंजिन काम कमी करतं, म्हणून उष्णता जास्त सोडतं, समजा ७५०. मग २ वजा २.५, उणे ०.५. बरोबरचं चिन्ह आदर्श इंजिनचं, कमीचं चिन्ह खऱ्या इंजिनचं, आणि दोन्ही मिळून `∮ δQ/T ≤ 0`. हे त्यानं वहीकडे न बघता सांगितलं. शंका फिटली की नाही हे असंच कळतं, आणि मग उरलेले पाच तास बघायचं कारण राहत नाही.

जागा पुन्हा हरवू नये म्हणून व्हिडिओवर राइट क्लिक करून `Copy video URL at current time` निवडायचं. त्या लिंकच्या शेवटी सेकंद येतात, इथं `t=10730`, म्हणजे २ तास ५८ मिनिटं ५० सेकंद. वहीत गणिताशेजारी वेळ आणि प्रश्न, दोन्ही लिहायचे. नुसती वेळ महिन्याभरानं काही सांगत नाही.

घरी त्याच्याकडे फोनच आहे. यूट्यूबच्या ॲपमध्येही वर्णनातून ट्रान्सक्रिप्ट उघडते, पण त्यात शब्द शोधायला अडलं तर क्रोममध्ये व्हिडिओ उघडून मेनूतून `Desktop site` करायचं आणि `Find in page` नं शोधायचं. अक्षरं बारीक होतात, काम होतं.

कधीकधी ट्रान्सक्रिप्टचं बटणच नसतं. व्हिडिओ फार लांब असेल, आवाज खराब असेल, सुरुवातीला बराच वेळ शांतता असेल, तर आपोआपच्या ओळी तयार होत नाहीत किंवा उशिरा होतात. लाइव्ह लेक्चर संपल्या संपल्या शोधायला गेलं तर हे नेहमी दिसतं. थोड्या दिवसांनी परत बघावं. तोवर चॅप्टर धरून खालची रेषा सरकवत फळ्याची छोटी चित्रं बघायची. फळ्यावर गोल चिन्हाचं इंटिग्रल दिसलं की तो भाग जवळ आला. शिक्षक फळा न वापरता नुसते बोलत असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही.

पुढच्या भेटीला तो वेगळीच तक्रार घेऊन आला. दुसऱ्या एका लेक्चरच्या त्यानं लिहून ठेवलेल्या सगळ्या वेळा चुकत होत्या. तीन नोंदी तपासल्या, तिन्ही ठिकाणी विषय लिहिलेल्या वेळेच्या ११ मिनिटं ४० सेकंद आधीच येऊन गेला होता. फरक सगळीकडे सारखा असला की समजायचं, व्हिडिओची सुरुवात नंतर कापलीय. लाइव्ह सुरू होण्याआधीचा वाट बघण्याचा वेळ शिक्षकांनी काढून टाकला होता. वर्णनातल्या वेळा त्यांनी बदलल्या नव्हत्या, त्यामुळे चॅप्टरही तेवढेच सरकलेले होते, ट्रान्सक्रिप्ट मात्र बरोबर जागी नेत होती. नोंदी पुन्हा करायची गरज नव्हती. त्या लेक्चरच्या पानावर त्यानं वरच्या कोपऱ्यात "उणे ११:४०" लिहिलं आणि पुढची शंका काढली.