डिझेल भरलेलं, तरी जनरेटर फिरत नाही: बॅटरीआधी तिचा क्लॅम्प तपासा

प्रश्न: नागपूरला बेसा भागात आमच्या सोसायटीचा ६२.५ केव्हीएचा जनरेटर आहे. स्टार्ट दिलं की नुसती टकटक होते, पॅनलचा डिस्प्ले क्षणभर विझतो, इंजिन फिरतच नाही. टाकीत डिझेल पाऊण आहे, फिल्टर नवा आहे. पॅनलवर बॅटरी १३.५ व्होल्ट दाखवते. सर्व्हिसवाला म्हणतो बॅटरी बदला. बदलायची का?

उत्तर:

अजून नाही. आणि डिझेलचा विषय तर आधी सोडूनच द्या. इंजिन फिरतच नसेल तर टाकीत डिझेल आहे की पाणी, याचा इथे संबंध नाही. घोळ होतो तो पॅनलमुळे. इंजिन फिरूनही पेटलं नाही तरी तो Fail to Start दाखवतो आणि अजिबात फिरलं नाही तरी तेच दाखवतो. मग माणसं फिल्टर खोलत बसतात. तुमच्याकडे टकटक आहे आणि डिस्प्ले विझतोय, म्हणजे दोष बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिन फिरवणाऱ्या सेल्फकडे जाणारा रस्ता एवढ्यातच आहे.

ते १३.५ व्होल्ट बॅटरीचे नाहीत, चार्जरचे आहेत. लाईन असताना चार्जर बॅटरीवर चढलेला असतो आणि पॅनल त्याचाच आकडा दाखवतो. मेलेल्या बॅटरीवरही तो १३.५ दाखवू शकतो. चार्जरचा एमसीबी पाडा, गाडीचा हेडलाइटचा बल्ब दोन-तीन मिनिटं बॅटरीवर लावून वरवरचा चार्ज उतरवा, थोडं थांबून मग मोजा. १२.६ च्या आसपास आली तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. अर्धवट बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी फसवी ठरते.

आता मनीष नगरकडच्या एका सोसायटीची केस सांगतो, कारण लक्षणं तुमचीच होती. ऐन नवतप्यात सगळ्यांचे कूलर आणि एसी चालू, लाईन गेली की जनरेटर टकटक करून गप्प. तिथे एकाच उन्हाळ्यात दोनदा नवी बॅटरी बसली होती आणि तिसरीचं कोटेशन आलं होतं. प्रत्येक वेळी नवी बॅटरी लागली की जनरेटर काही आठवडे झकास चालायचा, म्हणून कमिटीला शंका यायचं कारणच नव्हतं.

चार्जर बंद करून बॅटरी १२.६ होती. पुढची मोजणी महत्त्वाची आहे आणि ती जवळजवळ कोणी करत नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या पोलवर दाबायची. क्लॅम्पवर नाही, पोलवर. मग दुसऱ्याला स्टार्ट द्यायला सांगायचं. आकडा नाचतो, म्हणून मीटरला किमान आकडा धरून ठेवायची सोय असेल तर ती वापरा. तिथे पोल ते पोल १२.१ राहिले. बॅटरी खरंच गेलेली असती तर हा आकडा नऊच्या खाली कोसळला असता. ती टिकून होती, कारण तिच्यातून पुरेसा करंट बाहेर पडतच नव्हता.

मग तेच मीटर क्लॅम्प ते क्लॅम्प: ७.४. पोल आणि त्याच्यावर आवळलेला क्लॅम्प यांच्यात एक मिलिमीटरचंही अंतर नाही, तरी मधल्या मध्ये साडेचार व्होल्टच्या वर गायब. पॉझिटिव्ह पोल ते पॉझिटिव्ह क्लॅम्प मोजले तर ०.१. निगेटिव्ह पोल ते निगेटिव्ह क्लॅम्प ४.६. चोर सापडला. बेरीज करून पाहा, ७.४ अधिक ०.१ अधिक ४.६ बरोबर १२.१.

क्लॅम्प वरून चकाचक दिसत होता, ग्रीसही फासलेलं होतं. काढल्यावर आत पोलभोवती काळपट-राखाडी थर होता. सेल्फला शेकड्यांनी अँपियर लागतात. वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असेल आणि ३०० अँपियर जात असतील तर तिथेच ३ व्होल्ट खर्च होतात. एवढा बारीक ओहम साध्या मीटरवर दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरीचा रेझिस्टन्स याहून जास्त असतो. म्हणून 'कंटिन्युइटी बीप वाजतेय, म्हणजे टर्मिनल बरोबर' हे म्हणणं सरळ चूक आहे. बीप तांब्याच्या एका तारेवरही वाजते. लोड चालू असताना व्होल्ट किती पडतात तेवढंच खरं.

आता नवी बॅटरी लावली की काही आठवडे का चालायचं ते बघा. बॅटरी बदलताना क्लॅम्प निघतो, कोणीतरी तो खरवडतो, नव्या चकचकीत पोलवर बसवतो आणि आवळतो. दुरुस्ती तिथेच होते, श्रेय मात्र बॅटरीला जातं. आमच्या शहरात हा वाद जुना आहे, आणि 'आधी बॅटरी बदलून बघू' म्हणणाऱ्यांना मी आजही हेच सांगतो की आधी फक्त क्लॅम्प काढून, घासून, परत लावून बघा. जुन्याच बॅटरीवर इंजिन फिरलं तर बोला. त्या सोसायटीत क्लॅम्पचा बोल्ट शेवटपर्यंत आवळला होता, पण क्लॅम्पची दोन टोकं एकमेकांना भिडली होती, म्हणजे पोलवर पकड शून्य. क्लॅम्प ताणून सैल झाला की बोल्ट कितीही आवळा, उपयोग नाही. तो बदलायचाच.

साफ करताना निगेटिव्ह आधी काढा, पॉझिटिव्ह नंतर. लावताना उलट. पाण्यात खाण्याचा सोडा घालून बुरशी धुवा, पण बॅटरीची झाकणं घट्ट ठेवा, सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मारतो. पोल आणि क्लॅम्पची आतली बाजू ब्रशने घासून चमकवा, कोरडं जोडा, आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. केबलच्या टोकाचा धातूचा लग जिथे दाबलेला असतो तिथलं इन्सुलेशन थोडं मागे सरकवून बघा. तारा आतून हिरव्या-काळ्या झाल्या असतील तर लग कापून नवा दाबायचा.

तिथे एवढं केल्यावर इंजिन एका झटक्यात फिरलं. पण काम संपलं नव्हतं. अधूनमधून स्टार्ट दिलं की डिस्प्ले नीट, पॅनलमधून सेल्फला हुकूम पोचवणाऱ्या रिलेची एक बारीक टिक, आणि सेल्फ पूर्ण गप्प. हा दुसरा दोष पहिल्यातूनच जन्मला होता. निगेटिव्ह पोलवर व्होल्ट पडले की पॅनललाही कमी मिळतात, कारण तोही त्याच क्लॅम्पवर जोडलेला असतो. रिलेची कॉइल सुटते. ती सुटली की सेल्फचा लोड जातो, व्होल्ट परत वर येतात, रिले परत ओढते. तुमची टकटक आणि डिस्प्ले विझणं हे बहुतेक यातूनच येतंय. प्रत्येक टकला रिलेच्या आतल्या कॉन्टॅक्टवर ठिणगी उडते आणि काही आठवड्यांत ते जळतात.

स्टार्ट रिलेवर साधारण चार पिना असतात. ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० वर बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि ८७ वरून वायर सेल्फच्या सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचला. स्टार्ट देऊन आधी ८५ ते ८६ मोजा. तिथे बॅटरीइतके व्होल्ट आले तर कंट्रोलर आपलं काम करतोय. काहीच नाही आले तर इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण, त्याच्या मागची वायर आणि कंट्रोलरचा फ्यूज बघा. ऑइल प्रेशर स्विच अडकला असेल तर काही कंट्रोलर इंजिन आधीच चालू आहे असं समजतात आणि सेल्फला हुकूमच देत नाहीत.

कॉइलला व्होल्ट मिळतायत, टिक ऐकू येतेय, तर मीटर ३० आणि ८७ वर लावा, सोलेनॉइडची वायर जोडलेली ठेवून. चांगल्या रिलेत स्टार्टच्या वेळी इथे ०.२ च्या आत दिसतं. त्या रिलेत पाचच्या वर आले. वायर काढून ८७ वर मोजलं असतं तर मीटरने पूर्ण १२ दाखवले असते आणि रिले निर्दोष सुटली असती. मीटर स्वतः करंट घेत नाही, म्हणून जळका कॉन्टॅक्टही त्याला पुरतो. सोलेनॉइड मात्र ओढण्याच्या क्षणाला दहाच्या पटीत अँपियर मागतो. मीटर लावायला जागा नसेल तर ८७ वर २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. मंद पेटला तर रिले गेलीच. झगझगीत पेटला तरी पूर्ण खात्री नाही, कारण बल्ब दोन अँपियरसुद्धा घेत नाही.

रिले ४० अँपियरची किंवा त्याहून मोठीच घ्या. काही पॅनलांत दहा अँपियरची बारीक पारदर्शक रिले थेट सोलेनॉइडला जोडलेली दिसते, ती कधी ना कधी जळणारच. सॉकेटच्या पिना तपकिरी किंवा सैल झाल्या असतील तर सॉकेटही बदला, नाहीतर नवी रिलेही तापेल.

हे आधी सांगायला हवं होतं, आता सांगतो. मोजताना पॅनल ऑटोवर ठेवू नका, लाईन गेली तर इंजिन तुमच्या हाताशी सुरू होईल. मॅन्युअलवर घ्या आणि फ्युएल सोलेनॉइडची वायर काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर वायर ओढू नका, त्याच्या मॅन्युअलमधली पद्धत वापरा. अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढा. चार्जिंगनंतर बॅटरीवर हायड्रोजन असतो, तिथे ठिणगी नको. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करून दाखवणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्ट धरू नका, मध्ये सेल्फला गार होऊ द्या.

बॅटरी कधीच दोषी नसते असंही नाही. क्लॅम्प साफ आहेत, बॅटरी भरलेली आहे आणि तरी पोल ते पोल ९.६ च्या खाली जातंय, तर ती गेली. हायड्रोमीटरवर पाच सेल १.२५० आणि एक १.२०० किंवा खाली दाखवत असेल तरीही गेली. आपल्याकडच्या उन्हात कॅनोपीच्या आत पाणी लवकर उडतं, प्लेटा उघड्या पडतात. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड पाणी बघा.

आणि डिस्प्ले अजिबात विझत नसेल, फक्त एक जड टक येऊन सगळं थांबत असेल, तर निगेटिव्हचं दुसरं टोक बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे फ्रेमपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. निगेटिव्ह केबल फ्रेमला असेल तर फ्रेम ते इंजिन विणलेल्या तांब्याची पट्टी लागते आणि ती कुजते. स्टार्टच्या वेळी निगेटिव्ह पोल ते सेल्फची बॉडी मोजा, ०.३ च्या वर नको. पट्टी ठीक निघाली तर सेल्फच्या आतले कॉन्टॅक्ट किंवा ब्रश. जमिनीत गेलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा इथे संबंध नाही, तिच्यावर मीठ-पाणी ओतून हा दोष जात नाही.

सर्व्हिसवाल्याला कोटेशनवर एकच आकडा लिहून मागा: स्टार्ट देताना पोल ते पोल किती व्होल्ट. तो आकडा नसेल तर कमिटीने चेकवर सही करू नये.