टेलरिंगच्या दुकानासाठी ग्राहकाचा व्हिडिओ: काय विचारायचं?

«आईचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. स्टेटसला टाकायला ग्राहकांचा मिनिटभराचा व्हिडिओ करायचाय. प्रश्न कोणते विचारू आणि उत्तरं कशी लिहून देऊ?»

उत्तरं लिहून देऊ नका. पाठ केलेलं वाक्य आलं की बाईंची नजर वर जाते आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. प्रश्न मात्र आधी सांगून ठेवा, आणि ‘हो-नाही’त संपणारा एकही नको. ‘शिलाई आवडली का?’ विचारलंत तर ‘खूप छान’ एवढंच मिळेल.

पैठणीवरचा ब्लाउज न्यायला आलेल्या ताईंचं उदाहरण घेऊ. ट्रायल झाली, साडी नेसून उभ्या आहेत, अशा वेळी विचारा.

‘आधी ब्लाउज शिवून घेताना काय त्रास व्हायचा?’
‘हात वर केला की अख्खा ब्लाउज वर सरकायचा. लग्नात सारखा खाली ओढत बसायचे.’

‘मग इथे काय वेगळं झालं?’
‘काकूंनी जुना ब्लाउज घालायला लावला, हात वर करायला सांगितला. म्हणाल्या, मुंढा फार खोल कापलाय. मग मापं नव्याने घेतली.’

‘आता हात वर करून दाखवता?’
इथे त्यांना बोलू देऊ नका, नुसतं शूट करा. ब्लाउज जागेवर राहतो, हे दिसलं की काम झालं. या तीन-चार सेकंदांसाठीच सगळा व्हिडिओ आहे, त्यामुळे कॅमेरा कमरेपासून वर, थोडा बाजूने धरा.

‘मनात धाकधूक कशाची होती?’
‘कापडाची! काठ बाहीवर नीट बसेल का, याची. पुन्हा तसं कापड कुठून आणणार? पण कापायच्या आधी काकूंनी काठ हातावर लावून दाखवला.’

मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. महागाचं कापड पहिल्यांदा देणारीच्या मनात हीच भीती असते. एखादी ताई म्हणाली, ‘दोन दिवस उशीर झाला, पण फिटिंग मस्त’, तर तेही ठेवा. त्याने बाकीचं खरं वाटतं.

तुमचा आवाज शेवटी कापला जाणार, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला सांगा. नुसतं ‘मुंढ्याचा’ असं उत्तर आलं तर प्रश्नाविना त्याला अर्थ नाही. अडखळल्या तर तेच वाक्य पुन्हा म्हणून घेऊ नका, प्रश्न थोडा फिरवून विचारा.

शूटिंगच्या वेळी मशीन आणि पंखा बंद ठेवा. मोबाइल उभा धरा, उजेड दारातून त्यांच्या तोंडावर येऊ द्या. ट्रायल रूमचा पडदा किंवा मागे कुणी दुसरी ग्राहक फ्रेममध्ये नको. कापून तयार झालेली क्लिप आधी त्या ताईंना पाठवा आणि त्यांचा होकार आल्यावरच स्टेटसला टाका.